कोल्हापुरीचा पट्टा चामड्याचा की रेक्झिनचा? फोटोत नेमके काय पाहायचे

प्रश्न: ऑनलाइन एक कोल्हापुरी जोड आवडला आहे, २४०० रुपये. विक्रेता म्हणतो, "शंभर टक्के अस्सल चामडे." त्याने चार फोटो पाठवले: वरून जोड, पट्टा जवळून, तळाची कड आणि तळाची खालची बाजू. मी नाशिकला असते, त्यामुळे हातात घेऊन पाहता येणार नाही. तुम्ही सांगितलेत म्हणून पट्ट्यावरच्या नक्षीच्या भोकाचा पाचवा फोटोही मागवला. काका, नुसत्या फोटोंवरून खरे-खोटे कळते का? आणि या जोडाचे काय?

उत्तर:

ताई, या जोडाचा तळ चामड्याचा आहे, बहुधा म्हशीच्या. पट्टा आणि दोन्ही बाजूंचे, तळात शिवलेले कान मात्र रेक्झिनचे आहेत. तळाच्या दोन थरांमध्ये पुठ्ठ्यासारखे काहीतरी भरलेले दिसते, तेही चामड्याचे पान नाही. म्हणजे विक्रेत्याच्या बोलण्यात अर्धे खरे आहे. हे मी कशावरून म्हणतो ते तुमच्याच फोटोंवरून सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला स्वतःला पाहता येईल. पस्तीस वर्षे चपला आणि पिशव्या शिवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली आहेत. अलीकडे रोज कोणी ना कोणी असे फोटो पाठवते, त्यामुळे फोटोत काय दिसते आणि काय दिसत नाही याचा अंदाज आला आहे.

आधी पहिला फोटो बाजूला ठेवू. पांढऱ्या कागदावर वरून काढलेल्या जोडाच्या फोटोत रंग, घाट, वेणी आणि गोंडा दिसतो, माल दिसत नाही. वरून सपाट उजेड पडला की चामड्यावरचे खड्डे भरून निघाल्यासारखे दिसतात आणि चांगले रेक्झिन चामड्यासारखेच भासते. अशा फोटोवरून कोणी छातीठोक "अस्सल" म्हटले तर विश्वास ठेवू नका. कोणी "नकली" म्हटले तरी ठेवू नका.

दुसरा फोटो पट्ट्याचा. याच्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवला. कातडे हे जनावराच्या अंगावरचे असते, त्यामुळे ते कुठेही दोनदा सारखे नसते. पाठीकडचे घट्ट आणि बारीक पोताचे, पोटाकडचे सैल, मानेवर आडव्या वळ्या. मधेच काट्याचा ओरखडा, गोचीड चावल्याची खूण, एखादी शीर. रेक्झिनवरचा पोत मात्र कोरलेल्या रोलरने दाबलेला असतो किंवा नक्षीच्या कागदावर ओतून उठवलेला असतो. तो साचा ठरावीक अंतराने पुन्हा येतो, म्हणून त्यावरची प्रत्येक रेघही पुन्हा येते. फोटोत हीच पुनरावृत्ती शोधायची.

ती शोधण्याची पद्धत सांगतो, कारण नुसते "निरखून पाहा" म्हणून काही दिसत नाही. पट्ट्यावरचा एखादा असा ठिपका किंवा रेघ निवडा जी इतरांपेक्षा वेगळी आहे. तुमच्या फोटोत उजव्या चपलेच्या पट्ट्यावर बाहेरच्या कडेजवळ एक रेघ आहे, ती पुढे जाऊन दोन फाट्यांत फुटते आणि त्या फाट्याच्या बेचक्यात दोन दाणे आहेत, एक मोठा आणि एक लहान. तेवढाच भाग कापून वेगळा ठेवा. मग डाव्या चपलेचे दोन्ही कान आणि पट्टा तसाच मोठा करून, फोटो हळूहळू फिरवत, तीच खूण शोधा. फिरवणे महत्त्वाचे, कारण तुकडे कापताना माल वाया जाऊ नये म्हणून ते आडवे-तिरके लावून कापतात आणि मग तीच खूण एका तुकड्यावर उभी तर दुसऱ्यावर तिरकी येते. डाव्या चपलेच्या आतल्या कानावर, जवळजवळ काटकोनात फिरवल्यावर, तोच फाटा सापडतो. बेचक्यात तेच दोन दाणे, त्याच क्रमाने. कातड्यावर असा योगायोग होत नाही.

इथेच बरेच जण घाईने निकाल देतात. मीही दिला होता. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी एका पिशवीचे फोटो पाठवले. मला पुनरावृत्ती दिसली आणि मी सांगितले, रेक्झिन आहे, परत करा. त्यांनी परत करण्याआधी पिशवी माझ्याकडे आणली. आतल्या खिशाची शिवण थोडी उसवून पाहिले तर आत खरे चामडे. वरचा भाग घासून काढला होता, त्यावर रंगाचा थर दिला होता आणि तापलेल्या पत्र्याने दाबून पोत उठवला होता. जनावराच्या अंगावर जखमा आणि डाग जास्त असले की कारखाने असेच करतात. वरचा खराब भाग घासतात आणि छापील पोत देतात. मूळ चामडे खरे, वरचा चेहरा छापील. त्या बाईंना मी चुकीचे सांगितले होते, हे आजही मला लागते. तेव्हापासून नियम धरला आहे. पुनरावृत्ती दिसली तर एवढेच सिद्ध होते की पोत छापलेला आहे. खाली काय आहे ते कड सांगते.

छोट्या तुकड्यांची आणखी एक अडचण आहे. साच्याची लांबी पट्ट्यापेक्षा मोठी असू शकते. मग एका पट्ट्यावर पुनरावृत्ती दिसणारच नाही आणि माल तरीही छापील असेल. म्हणून एकाच पट्ट्यात शोधून थांबू नका. दोन्ही पायांचे सगळे तुकडे एकमेकांशी ताडून पाहा, आणि विक्रेत्याकडे त्याच रंगाचे दुसरे जोड असतील तर त्यांचेही फोटो घ्या.

आता रंध्रे. केस जिथून उगवतो ती जागा म्हणजे रंध्र. ते कसे बसलेले आहे यावरून जनावरही कळते. म्हशीच्या कातड्यावर रंध्रे मोठी, विरळ आणि पोत खडबडीत. गाय-बैलाची रंध्रे त्यापेक्षा बारीक आणि दाट. बकरीची ओळीने, लहान लहान गटांत बसलेली, थोडे अंतर सोडून पुन्हा गट. डुकराच्या कातड्यावर तीन-तीन रंध्रांचे त्रिकोण दिसतात. कोल्हापुरीत डुकराचे चामडे भेटणार नाही, पण पिशव्या-पाकिटांच्या अस्तरात ते सर्रास येते, म्हणून सांगितले.

जातीपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की केस कातडीत उभा नसतो, कलता असतो. त्यामुळे खरे रंध्र वरून अगदी गोल क्वचितच दिसते. ते लांबट असते, एका बाजूने तिरपे आत शिरते आणि एका लहान पट्ट्यातली सगळी रंध्रे साधारण एकाच दिशेला कललेली असतात. तरी प्रत्येकाचा आकार वेगळा, खोली वेगळी, दोन रंध्रांमधले अंतरही वेगळे. छापील रंध्र म्हणजे पिठावर बोट दाबल्यासारखा खळगा. तळ गुळगुळीत, कडा गोलसर, सगळ्यांची खोली सारखी. तिरप्या उजेडात त्या खळग्याच्या तळाशी चकाकी दिसते. खऱ्या रंध्रात ती दिसत नाही, तिथे बारीक काळा ठिपका राहतो, कारण ते खरोखर आत गेलेले असते. तुमच्या पट्ट्यावरच्या खळग्यांच्या तळाशी चकाकी आहे. रंध्रांसारखे काढलेले ठिपके आहेत, पण आत जाणारे एकही नाही.

तरी रंध्रांवर सगळा भार टाकू नका. पॉलिशचा जाड हात बसला, धूळ साचली किंवा रंगाचा थर जाड असला की खऱ्या चामड्याची रंध्रेही बुजतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो तर दाबून लहान केलेला असतो, त्यात बारीक पोत आधी पुसला जातो आणि मग फोन तो पुन्हा धारदार करण्याच्या नादात नसलेले दाणे उठवतो. अशा फोटोत रंध्र दिसले नाही म्हणून चामडे नकली म्हणू नये. विक्रेत्याला फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, मग तो मूळ आकारात येतो. तुमचा पाचवा फोटो तसा आला म्हणून एवढे नीट बोलता आले.

कोल्हापुरीच्या बाबतीत खरा निर्णय कड देते, आणि त्यासाठी हे चामडे कमावतात कसे ते माहीत हवे. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पारंपरिक रीतीत कातडे चुन्यात भिजवून त्याचे केस काढतात. मग ते पिशवीसारखे शिवून त्यात बाभळीची साल आणि हिरडा घातलेले पाणी भरतात. तो अर्क सावकाश आरपार मुरतो. म्हणून अशा चामड्याची कापलेली कड आतपर्यंत तपकिरी असते, मध्ये थोडी फिकट असली तरी चालते. क्रोमच्या क्षारांनी कमावलेले चामडे आतून निळसर-करडे असते, आणि रंग नीट आत मुरला नसेल तर कापल्यावर मधोमध ती निळसर रेघ दिसते. तेही खरे चामडे आहे, फक्त बाभळीच्या सालीचे नाही.

आता कडेत धागे कसे दिसतात ते. कातड्याच्या वरच्या भागात तंतू अगदी बारीक आणि घट्ट असतात. खाली यावे तसे ते जाड होत जातात, एकमेकांत गुंफलेले, कोणतीही ठरावीक दिशा नसलेले, आणि मांसाकडच्या बाजूला मोकळे होऊन केसाळ दिसतात. हा बदल हळूहळू होतो. कुठेही "इथे एक थर संपला, दुसरा सुरू झाला" अशी रेघ ओढता येत नाही. रेक्झिनमध्ये ती रेघ असते. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, कधी त्याखाली बारीक बुडबुड्यांचा स्पंजसारखा थर, आणि खाली विणलेले कापड. कापडाचे धागे ओळीने येतात, टोके तुटलेली दिसतात, आणि बहुतेक वेळा ती पांढरी असतात.

सर्वात फसवा माल म्हणजे मायक्रोफायबर. त्यात विणलेले कापड नसते. अतिशय बारीक कृत्रिम तंतू गुंतवून जाड थर केलेला असतो आणि कड खरोखर चामड्यासारखी केसाळ दिसते. तिथे तंतू वरपासून खालपर्यंत सारखे आहेत का ते पाहायचे. चामड्यात वर बारीक, खाली जाड. मायक्रोफायबरमध्ये वरपासून खालपर्यंत एकच जाडी, आणि वरच्या पापुद्र्याशी सरळ सीमारेषा. हा फरक साध्या फोटोत पकडणे कठीण जाते, आणि चामड्यावर रंगाचा थर जाड असेल तर मीही फोटोवरून शपथ घेणार नाही. चामड्याच्या चुऱ्यात डिंकासारखा पदार्थ मिसळून दाबलेले पानही मिळते. त्याची कड पुठ्ठ्यासारखी, तंतू तुटके-आखूड, वर-खाली फरक नाही.

तिसरा फोटो तळाच्या कडेचा आहे, तो आता वाचून पाहा. सर्वात वरचे पान तपकिरी, वर घट्ट आणि खाली मोकळे, कुठेही सीमारेषा नाही. सर्वात खालचे पानही तसेच, अधिक जाड. ही दोन्ही पाने चामड्याची आहेत. मधला थर फिकट करड्या-तपकिरी रंगाचा आणि सगळीकडे सारखा आहे. तंतू आखूड आहेत आणि एका कोपऱ्यात पापुद्रे सुटू लागले आहेत. तो दाबलेला पुठ्ठा आहे. पावसात हा भाग आधी फुगतो आणि टाचेकडून तळ दोन भागांत उघडतो. तळ चामड्याच्या वादीने शिवला आहे. ते चांगले काम आहे, टाके सारखे आणि घट्ट आहेत. ते हाताचे काम ज्याने केले त्याला दोष देऊ नये, त्याला माल जसा मिळाला तसा त्याने शिवला.

चौथा फोटो, खालची बाजू. इथे मला आनंद झाला, कारण खालच्या पानावर मानेकडच्या वळ्या स्पष्ट दिसतात. आडव्या, एकमेकांपासून असमान अंतरावर, मध्येच एकमेकींत विलीन होणाऱ्या. टाचेजवळ एक जुनी भरलेली जखमही आहे, तिथे रंध्रे नाहीत आणि पोत गुळगुळीत आहे, कारण भरलेल्या जखमेवर केस येत नाहीत. या खुणा कोणी मुद्दाम छापत नाही. रंध्रे मोठी आणि विरळ आहेत, म्हणून मी म्हैस म्हटले.

आणि पाचवा फोटो. पट्ट्याच्या कडा मुद्दाम आत दुमडून चिकटवल्या आहेत, त्यामुळे कापलेली कड कुठेच दिसत नव्हती. दुमडलेली कड हा स्वतःहून दोष नाही, चांगले कारागीरही दुमडतात. पण कड लपली की मी नेहमी भोक पाहतो. नक्षीसाठी पाडलेले भोक, बकलाचे भोक, टाक्याचे छिद्र, अंगठ्याचा पट्टा जिथे तळाच्या चिरेतून आत जातो ती जागा. तिथे कड लपवता येत नाही. भोकांच्या कडांना रंग लावलेला असतो कधी कधी, पण तो आतवर पोहोचत नाही. तुम्ही तिरप्या उजेडात, भोकाकडे थोडे बाजूने पाहून फोटो घ्यायला सांगितलेत, त्यामुळे आतली भिंत दिसली. वर तपकिरी पापुद्रा, नखाच्या जाडीपेक्षाही पातळ. त्याखाली पांढरे, ओळीने विणलेले धागे, दोन ठिकाणी बाहेर आलेले. हे कापडावरचे पीयू, म्हणजे आपल्या बाजारातले रेक्झिन. पुनरावृत्तीने पोत छापील असल्याचे सांगितले होते, भोकाने खाली चामडे नसल्याचे सांगितले. दोन्ही मिळून पट्ट्याबद्दल शंका राहत नाही. कानांवर तोच छापा आहे, म्हणून तेही त्याच थानातले.

हे तुमच्यासाठी का महत्त्वाचे आहे ते सांगतो. कोल्हापुरीत सगळा ताण पट्टा, कान आणि अंगठ्यावर येतो. सालीचे चामडे सुरुवातीला चावते, मग तेल आणि पायाची ऊब घेऊन पायाच्या आकाराचे होते. पीयूचा पापुद्रा तसे करत नाही. हवेतला ओलावा हळूहळू त्याला आतून तोडतो, आणि चपला कपाटात न वापरता ठेवल्या तरी काही वर्षांत तो पोपडे होऊन सुटतो. नाशिकपेक्षा मुंबईत किंवा कोकणात हे लवकर होते. दुरुस्तीला आलेल्या अशा जोडांचा तळ शाबूत आणि पट्टा कोंड्यासारखा झडलेला असतो. मी त्यांना चामड्याचे पट्टे घालून देतो, पण कान तळाच्या थरांमध्ये शिवलेले असल्याने सगळी वादी उसवावी लागते, आणि ते काम महाग पडते.

तुम्हाला हाच घाट आवडला असेल तर विक्रेत्याशी भांडू नका, त्याला स्पष्ट विचारा: "पट्टा आणि कान बाभळीच्या सालीच्या चामड्याचे करून मिळतील का, मध्ये पुठ्ठा न भरता?" बरेच जण करून देतात, किंमत थोडी वाढते. तो हो म्हणाला तर पाठवण्याआधी तीन फोटो मागा. पहिला, न दुमडलेल्या पट्ट्याच्या कडेचा, पट्टा तळाला जोडण्याआधीचा. दुसरा, वरची बाजू आत येईल असा वाकवलेल्या पट्ट्याचा. वाकलेल्या जागी चामड्यावर अनेक बारीक सुरकुत्या पडतात आणि वाकणे सोडले की बहुतेक मिटतात. रेक्झिनवर एकच मोठी घडी पडते किंवा मुळीच पडत नाही. तिसरा, पट्ट्याच्या मागच्या बाजूचा, जिथे मांसाकडचा केसाळपणा दिसायला हवा. तिथे कापड चिकटवून झाकले असेल तर ते का झाकले हे विचारा.

फोटो काढताना सकाळी खिडकीशी, उजेड बाजूने जमिनीलगत येईल असा, फ्लॅश बंद ठेवून काढायला सांगा. शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवायला सांगा, ते २७ मिलिमीटरचे असते. त्याच्याशी ताडून रंध्रांची आणि पट्ट्याच्या जाडीची कल्पना येते, आणि फोटो दुसऱ्याच कोणत्या जोडाचा आणून चिकटवलेला नाही हेही कळते. नाणे आणि चप्पल यांवर सावली एकाच बाजूला पडली आहे का, तेवढे पाहून घ्या.

फोटो आले की इथेच टाका. कड आणि मागची बाजू मी पाहतो.